एक्सप्रेस थ्रेडिंग-वॅक्सिंग स्टुडिओ

भुवया कोरणे, ओठांवरची लव काढणे आणि हातापायांचे वॅक्सिंग एवढ्याच सेवा कमी दरात, झटपट देणारे छोटे दुकान. फेशियल किंवा केशरचना येथे सहसा नसते. दर कमी असल्याने नफा दर गिऱ्हाइकावर ठरत नाही. एक खुर्ची तासाभरात किती जणींना मोकळे करते, यावर ठरतो.

समजा, भुवयांना सहा मिनिटे आणि नंतरच्या स्वच्छतेला दोन, अशी आठ मिनिटे लागतात. पूर्ण पायांच्या वॅक्सिंगला आवराआवरीसकट चाळीस मिनिटे गेली, तर तेवढ्यात पाच जणींच्या भुवया झाल्या असत्या. म्हणून बाहेर रांग असताना पायांचा दर पाच भुवयांच्या दराला वॅक्स व पट्ट्यांचा खर्च जोडून येईल त्याहून कमी असेल, तर काम करूनही तोटाच होतो. रांग नसलेल्या दुपारी मात्र हेच काम कमी दरातही परवडते. त्यामुळे वॅक्सिंग वेळ ठरवून निवांत तासांत घ्यावे आणि भुवयांना कधीही येऊ द्यावे, ही मांडणी सर्वांत शहाणपणाची.

वेळ वाचवण्याचा मोह नेमका स्वच्छतेच्या त्या दोन मिनिटांवर येतो. दोऱ्याचे टोक दातात धरण्याची पद्धत जुनी आहे, पण तिने थुंकी गिऱ्हाइकाच्या त्वचेपर्यंत पोचू शकते. दोरा गळ्यात अडकवूनही तीच पकड मिळते. हात बसायला थोडे दिवस लागतात, इतकेच. दोरा प्रत्येकीसाठी नवा हवा. थ्रेडिंगमधून चामखीळ पसरल्याची उदाहरणे त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदवली आहेत, त्यामुळे भुवईजवळ चामखीळ किंवा पुळी दिसली तर काम नाकारणेच योग्य.

वॅक्सिंगमधील मोठा दोष म्हणजे त्वचेला लागलेला स्पॅच्युला पुन्हा हीटरच्या डब्यात बुडवणे. डब्यातली उष्णता जंतू मारण्याइतकी नसते, कारण तेवढ्या गरम वॅक्सने त्वचाच भाजेल. दर वेळी नवी लाकडी पट्टी घ्यावी, किंवा एका गिऱ्हाइकापुरते वॅक्स वाटीत काढून उरलेले टाकून द्यावे. वाटीचा मार्ग वेगवान, पण अंदाज चुकला की वॅक्स वाया जाते.

घाईत वॅक्स पुरेसे तापण्याआधी लावले तर थर जाड बसतो, केस मुळातून न निघता तुटतात आणि त्याच जागी पुन्हा पट्टी ओढावी लागते. काही दिवसांतच खुंट टोचू लागले, तर केस तुटल्याचे ओळखावे. केस साधारण पाच-सहा मिलिमीटर वाढलेले असले की पकड नीट बसते. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्या किंवा चेहऱ्याला रेटिनॉइड क्रीम लावणाऱ्या व्यक्तीची त्वचा केसांबरोबर सोलून निघू शकते. पट्टीला हात लावण्याआधी हा प्रश्न विचारायला दहा सेकंद पुरतात, आणि ती कोणत्याही गर्दीत वाचवू नयेत.