जिवतीच्या कागदावरची राक्षसीण

श्रावण तोंडावर आला की पुण्यात तुळशीबागेत, बोहरी आळीत जिवतीचे कागद विकायला येतात. वर हिरण्यकशिपूला फाडणारा नरसिंह, शेजारी कालियाच्या फण्यावर नाचणारा कृष्ण, मध्ये अंगाखांद्यावर पोरं घेतलेल्या दोन बायका आणि खाली हत्ती-वाघावर बसलेले बुध-बृहस्पती. त्या दोन बायका म्हणजे जरा आणि जिवंतिका. यातली जरा ही महाभारतातली मांसभक्षक राक्षसीण आहे. आघाडा-दूर्वांची माळ घालून, पुरणाच्या दिव्यांनी तिला ओवाळणाऱ्या घरांत ही गोष्ट सहसा कुणी काढत नाही.

सभापर्वातली कथा अशी. मगधाच्या बृहद्रथ राजाच्या दोन राण्यांना अर्धं-अर्धं मूल झालं. दाईंनी ते तुकडे चव्हाट्यावर नेऊन टाकले. जरेला ते सापडले. न्यायला सोपं जावं म्हणून तिनं दोन्ही तुकडे एकत्र धरले, तर ते जुळले आणि मूल रडायला लागलं. तिनं ते खाल्लं नाही, राजाला परत दिलं. तोच जरासंध. तिथं ती राजाला सांगते, की जो मला भिंतीवर तरुण आणि लेकुरवाळी अशी रेखाटेल, त्याच्या घराची भरभराट होईल. भिंतीवरच्या त्या चित्रापासून छापील कागदापर्यंतचा प्रवास टप्प्याटप्प्यानं दाखवता येत नाही, पण कल्पना तीच आहे, हे मला उघड वाटतं. मुलं नेणारीलाच घरात जागा द्यायची, म्हणजे ती आपली पोरं राखील. अजिंठ्याच्या दोन क्रमांकाच्या लेण्यात हारीती बसली आहे, तिचंही तेच. ती लोकांची मुलं खायची. बुद्धानं तिचं स्वतःचं एक पोर लपवलं, तेव्हा तिला आईचं दुःख कळलं.

या भीतीचा खरा अर्थ मात्र आपल्या शुक्रवारच्या कहाणीत सापडतो. राणी सुईणीला फितवून गरीब ब्राह्मणीचं मूल पळवते आणि बाळाच्या जागी वरवंटा ठेवते. ब्राह्मणीला काय झालं ते कळत नाही, पण ती जिवतीचं व्रत धरते. कारल्याच्या मांडवाखालून जात नाही, तांदळाचं धुवण ओलांडत नाही, हिरवं लेत नाही. जिथं माझं बाळ असेल तिथं खुशाल असो, म्हणून तांदूळ उडवते. तो मुलगा मोठा होऊन राजा होतो आणि काशीला जाताना वाटेत एका घरी मुक्काम करतो. त्या घरातली मुलं पाचवी-सहावीच्या रात्री सटवी घेऊन जात असते. त्या रात्री राजा दारात आडवा झोपलेला असतो. कोण गं मेलं वाटेत पसरलंय, म्हणून सटवी खेकसते. जिवती म्हणते, माझं नवसाचं आहे, मी काही त्याला ओलांडू देणार नाही. घरातले आईबाप जागे राहून हे ऐकतात. नेणारी आणि राखणारी उंबऱ्यावर भांडताना दाखवणारा याहून नेमका प्रसंग मला दुसरा माहीत नाही.

रात्र पाचवी-सहावीचीच का? नवजात बाळाचा धनुर्वात साधारण तिसऱ्या ते चौदाव्या दिवसात दिसतो. हाती येईल त्या पात्यानं नाळ कापली, जखमेला राख किंवा शेण लागलं, की जंतू आत जातात. दोन दिवस नीट प्यालेलं बाळ ओढायचं थांबतं, जबडा आवळतो, झटके येतात. बाहेरून कारण काहीच दिसत नाही, म्हणून कुणीतरी येऊन नेलं असंच वाटणार. सुश्रुताच्या उत्तरतंत्रात नऊ बालग्रह आहेत. पूतना त्यांतलीच एक. स्कंदग्रहाच्या लक्षणांत अंगावर पिणं नाकारणं, तोंड वाकडं होणं आणि मुठी आवळणं येतं. बाळं या एकाच रोगानं जात होती असं नाही, पण पाचवीच्या रात्री दिवा तेवत ठेवून जागायच्या प्रथेला यानं आधार मिळतो. जागणाऱ्यांचं लक्ष उंबऱ्याकडे असे. घात नाळ कापतानाच झालेला असे.

म्हणजे सटवी, जरा, पूतना या मुलांना दटावायच्या बाया नव्हत्याच. त्या कामाला बागुलबुवा होता. त्याला ना कथा ना चेहरा, पोर जेवलं की त्याचं काम संपलं. सटवीची कहाणी मुलं असलेल्या बायका एकमेकींना सांगत, आणि तिच्यातली भीती आईची होती. म्हणूनच तिच्यात इतके नियम आहेत. मूल डोळ्यांआड असेल तर आजही शुक्रवारी चारी दिशांना अक्षता टाकतात, हा त्याच ब्राह्मणीचा उपाय.

गर्भवतीला धनुर्वाताचं इंजेक्शन, दवाखान्यातलं बाळंतपण आणि स्वच्छ ब्लेड यांनी सटवीच्या रात्रीतला एक मोठा धोका काढून टाकला. माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचं भारतातून उच्चाटन झाल्याचं 2015 साली जाहीर झालं. पुण्यात प्रसूतिगृहातून तिसऱ्या दिवशी घरी आलेल्या बाळाची पाचवी अजून पुजली जाते. पाटा-वरवंटा नसलेल्या घरांत त्यासाठी शेजारून वरवंटा मागून आणतात.