पॅड टिकत नाही तेव्हा

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलीला घेऊन आई तालुक्याच्या दवाखान्यात येते, तेव्हा पुष्कळदा पहिलं वाक्य हेच असतं: "डॉक्टर, हिची पिशवीच काढून टाका." नेमकं काय होतं असं विचारलं, की हळूहळू उलगडतं. पोरगी पॅड ओढून अंगणात फेकते. पाळीच्या आधी दोन दिवस जेवत नाही, हात चावते. आई कापूस वेचायला गेली की घरी म्हातारी आजी, तिला काही जमत नाही. यात रक्त फार जातं अशी तक्रार क्वचितच असते. पॅड न टिकणं, दुखणं आणि जास्त रक्त जाणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींचे उपायही वेगळे.

उदाहरणासाठी यवतमाळकडच्या एका गावातली मुलगी धरू. तिला छकुली म्हणू. वय १३, वजन ३६ किलो, आठ-दहा शब्द बोलते, फिटसाठी फेनिटॉइनची गोळी चालू आहे. पाळी सुरू होऊन पाच महिने झालेत.

पॅड का ओढते, ते आधी शोधायचं. छकुलीच्या मांड्यांच्या सांध्यात लालसर, कडा उठलेले चट्टे होते. पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात घाम, त्यावर प्लास्टिकचा थर असलेलं पॅड, म्हणजे खाज येणारच. ही खाज बहुधा बुरशीची असते. औषध दुकानातून मिळणारी मिश्र मलमं लावली तर त्यातल्या स्टेरॉइडमुळे ती दबते आणि दुप्पट पसरते, म्हणून डॉक्टरांना दाखवून साधं बुरशीचं मलम घ्यावं. दुसरं कारण पॅडच्या पंखांचं. चड्डी सैल असली की पंखांची चिकट बाजू मांडीच्या केसांना चिकटते आणि प्रत्येक पावलाला केस ओढले जातात. घट्ट, सुती, जाड कडांची चड्डी घेतली आणि बिनापंखांचं, वरून सुती कापडाचं, बिनवासाचं पॅड वापरलं की निम्मी ओढाताण थांबते. केस कात्रीने बारीक करावेत, ब्लेड लावू नये. कापड वापरत असाल तर चड्डीच्या आतून दोन आडवे पट्टे शिवून त्यांत घडी सरकवावी, म्हणजे ती हलत नाही.

तिसरं कारण साधं आहे: तिला त्या जागी काहीतरी असण्याची सवय नसते. म्हणून ज्या मुलीची पाळी अजून यायची आहे, तिच्यासाठी आत्ताच सुरुवात करावी. छाती वाढू लागल्यावर साधारण दोन-अडीच वर्षांनी पहिली पाळी येते, म्हणजे तयारीला वेळ मिळतो. रोज संध्याकाळी तिचं आवडतं काम चालू असताना दहा मिनिटं कोरडं पॅड लावायचं आणि तिने ओढायच्या आत आपणच काढायचं. मग वेळ वाढवायचा. तिने ओढल्यावर काढलं, तर ओढलं की निघतं हेच ती शिकते.

पॅड बदलणं शिकवताना आपण सगळे पहिल्या पायरीपासून सुरू करतो, आणि तिथेच फसतो. उलटीकडून शिकवलं की लवकर जमतं. कामं अशी असतात: मोरीत किंवा संडासात जाऊन दार लावणं, चड्डी गुडघ्यापर्यंत खाली करणं, जुनं पॅड काढणं, कागदात गुंडाळून डब्यात टाकणं, नवं उघडून पट्टी सोलणं, जागेवर चिकटवणं, चड्डी वर करणं, साबणाने हात धुणं. सुरुवातीला आई सगळं करते आणि छकुली फक्त हात धुते. ते सलग तीन वेळा न सांगता जमलं, की तिच्याकडे दोन कामं: चड्डी वर करणं आणि हात धुणं. अशा रीतीने एकेक पायरी मागे सरकायचं. दर वेळी शेवट तिच्याच हातून होतो, काम पूर्ण झाल्याचं तिला दिसतं, आणि चुकण्याची जागा कमी राहते.

पॅड कुठे चिकटवायचं हे सांगून कळत नाही. पॅड चड्डीवर ठेवून त्याच्या कडेने लाल दोऱ्याचा टाका घालावा, लाल रेघेच्या आत पॅड बसवायचं. सराव पाळीच्या बाहेरच्या दिवसांत करावा, पॅडवर खाण्याचा लाल रंग घातलेलं पाणी दोन चमचे टाकून. आईने किंवा मोठ्या बहिणीने स्वतःचं पॅड बदलताना एकदा दाखवलं, तर रक्त पाहून घाबरणंही कमी होतं. मात्र हे दार लावूनच, कारण दार लावणं हाही धड्याचा भाग आहे. मदत करणाऱ्या दोन बायका कोण, ते ठरवून टाकावं आणि तिसऱ्या माणसाने हात लावू नये हे तिला रोज सांगावं.

"ओलं झालं का गं?" असा प्रश्न विचारू नये. ओलेपणा ओळखणं तिच्यासाठी कठीण आहे. बदलण्याची वेळ दिवसाच्या कामांना बांधावी: उठल्यावर, दुपारच्या जेवणाआधी, चहाच्या वेळी, संध्याकाळी आणि झोपताना. आई शेतावर असेल तर दुपारचं आजीने बघावं, आणि त्यासाठी चित्रांची पट्टी मोरीच्या दारावर लावून ठेवावी. अंग धुताना पुढून मागे, नुसत्या पाण्याने. आत साबण, डेटॉल काही घालू नये. पॅड संडासात टाकलं तर भांडं तुंबतं, उघड्यावर टाकलं तर कुत्रं घराच्या दारात आणून टाकतं. कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवावं आणि खोल खड्ड्यात पुरावं. गडचिरोलीकडे पाळीत कुर्माघरात, म्हणजे घरापासून वेगळ्या झोपडीत बसवायची पद्धत आहे. अशा मुलीला तिथे एकटं ठेवू नये. तिला पॅड बदलायला, औषध घ्यायला आणि फिट आली तर सावरायला माणूस लागतो.

आता दुखण्याकडे. पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या आतल्या थरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सुटतात, ती स्नायूंना आवळतात. तीच आतड्यांवरही काम करतात, म्हणून काही मुलींना उलटी आणि पातळ शौचास होतं. छकुली "पोट दुखतं" म्हणणार नाही. ती हात चावते, गुडघे पोटाशी घेते, भाकरी सरकवून देते, शांत केलं तरी होत नाही. बोलता न येणाऱ्या मुलांचं दुखणं मोजताना डॉक्टरही हेच पाहतात: चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजावल्यावर शांत होणं.

हे ओळखायला घरचं कॅलेंडर पुरतं. रक्त आलं त्या दिवशी लाल खूण, चावणं-चिडणं असेल तर काळी, फिट आली तर निळी. छकुलीच्या तीन महिन्यांच्या पानांवर काळ्या खुणा दर वेळी लाल खुणेच्या एक दिवस आधी सुरू होऊन दुसऱ्या दिवशी संपत होत्या. म्हणजे चिडणं स्वभावाचं नव्हतं, दुखण्याचं होतं. पहिली दोन वर्षं पाळी २१ ते ४५ दिवसांत कधीही येते, त्यामुळे तारखेवर भिस्त ठेवू नये. काळी खूण दिसली की औषध सुरू करावं. रसायनं साचल्यावर दिलेली गोळी कमी काम करते, म्हणून "फार दुखलं तर बघू" ही सवय सोडावी.

आयबुप्रोफेनचं प्रमाण वजनाच्या दर किलोला ५ ते १० मिलिग्रॅम. छकुलीच्या ३६ किलोला ते १८० ते ३६० येतं. म्हणून २०० मिलिग्रॅम, जेवणानंतर, दर आठ तासांनी, दोन ते तीन दिवस. गोळी गिळत नसेल तर ५ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असलेलं पातळ औषध १० मिलिलिटर. बाटलीवर पॅरासिटामॉलचंही नाव असेल तर वेगळी पॅरासिटामॉल देऊ नये. दमा, किडनीचा आजार, पोटात जखम किंवा डेंग्यूसारखा ताप असेल तर आयबुप्रोफेन टाळावं. मेफेनॅमिक ॲसिडच्या गोळ्या गावोगाव मिळतात, पण त्यांचा जास्त डोस फिट आणू शकतो. छकुलीसारख्या मुलीला त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. गरम पाण्याची पिशवी चालते, पण तिला भाजलं तरी ती सांगणार नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून, स्वतःच्या मनगटावर तपासून, पंधरा-वीस मिनिटंच ठेवावी.

बद्धकोष्ठ आणि लघवीचा जंतुसंसर्ग याच दिवसांत येऊन पाळीच्या नावावर खपतात, म्हणून तेही पाहावं. पूर्व विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा प्रश्न वेगळा: सिकलसेल असलेल्या मुलीची हाडं-सांधे दुखत असतील तर ते पाळीचं दुखणं समजून घरी थांबू नये. औषध वेळेवर देऊनही तीन पाळ्यांत फरक पडला नाही, तर पोटावरून सोनोग्राफी करून घ्यावी. त्यासाठी आतून तपासणीची गरज नसते.

रक्त जास्त जातं आहे, हे कसं ओळखावं? मोठं पॅड दोन तासांत भिजणं, रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या गाठी, आठ दिवसांहून जास्त स्राव. अशा वेळी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि रक्त गोठण्याच्या तपासण्या होतात. डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉइड विशेष तपासावं. स्राव कमी करायला ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या फक्त पाळीच्या दिवसांत देतात, प्रमाण डॉक्टर ठरवतात.

हार्मोनची औषधं पुढच्या पायरीवर येतात, आणि पहिली पाळी येण्याआधी ती कधीच देत नाहीत. दर १२ आठवड्यांनी घ्यायचं इंजेक्शन सरकारी केंद्रांत 'अंतरा' नावाने गर्भनिरोधासाठी मोफत मिळतं, त्याच औषधाने बऱ्याच जणींची पाळी वर्षभरात थांबते. पण सुरुवातीचे काही महिने कधीही थोडं थोडं रक्त लागतं. ठरावीक क्रम शिकलेल्या मुलीला हे नियमित पाळीपेक्षा जड जातं. शिवाय या इंजेक्शनाने हाडं विरळ होतात, फेनिटॉइननेही होतात, त्यामुळे छकुलीसाठी ही निवड पहिली नाही. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम फेनिटॉइनने कमी होतो. सिकलसेल असेल तर इस्ट्रोजेनवाल्या गोळ्या टाळतात. गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन अनेक वर्षं टिकतं, मात्र अशा मुलींना ते बसवताना बहुधा भूल द्यावी लागते. फिट कॅलेंडरवर पाळीभोवतीच जमत असतील, तर ती माहिती फिटच्या डॉक्टरांना द्यावी, कारण तिथे उपाय फिटच्या औषधातही असतो.

उरली पिशवी काढण्याची मागणी. १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी गृहातल्या बौद्धिक अक्षम मुलींची गर्भाशयं पुण्यात काढली गेली, तेव्हा देशभर वाद झाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १० प्रमाणे दिव्यांग व्यक्तीच्या स्वतःच्या मुक्त आणि माहितीपूर्ण संमतीशिवाय वंध्यत्व येईल अशी वैद्यकीय प्रक्रिया करता येत नाही. वैद्यकीयदृष्ट्याही मागणी बहुधा निष्फळ. पिशवी काढली तरी अंडाशय राहतात, त्यामुळे त्यांच्या हार्मोनच्या चक्रासोबत येणारी चिडचिड आणि फिट राहू शकतात. अत्याचाराची भीती असेल, तर शस्त्रक्रिया अत्याचार थांबवत नाही. गर्भ न राहिल्याने तो फक्त उघड होत नाही.

छकुलीच्या आईने दवाखान्यात जाताना पिशवीत ठेवायच्या गोष्टी: तीन महिन्यांची कॅलेंडरची पानं, एका पाळीत रोज किती पॅड लागले ते लिहिलेला कागद, फिटच्या गोळ्यांची पट्टी, सिकलसेल तपासणीचं कार्ड आणि एक घट्ट सुती चड्डी, लाल टाका घातलेली.