कक्षेत बसणारा तरंग: बोरच्या अटीला कारण कसं मिळालं

मुंबईत बारावीच्या क्लासला फळ्यावर इलेक्ट्रॉनच्या कक्षेसाठी `2πr = nλ`, म्हणजे परिघात `n` पूर्ण तरंग, असं लिहिलं की `λ = h/mv` घालून पुढच्याच ओळीत `mvr = nh/2π` मिळतं. इतिहासात मात्र हा क्रम उलटा होता. उत्तर आधी आलं आणि कारण दहा वर्षांनी सापडलं.

१९१३ मध्ये नील्स बोर यांनी हायड्रोजनमधल्या इलेक्ट्रॉनचा कोनीय संवेग, म्हणजे `mvr`, `h/2π` च्या पूर्ण पटीतच असतो ही अट मांडली. तिच्यातून वर्णपटाच्या रेषा अचूक निघत होत्या, पण अधलेमधले संवेग का चालत नाहीत, याला उत्तर नव्हतं. ते लुई द ब्रॉय यांनी १९२३ मध्ये दिलं: इलेक्ट्रॉनबरोबर तरंग असतो, आणि एक फेरी मारून तो स्वतःशी जुळला तरच कक्षा टिकते.

दुसरी कक्षा घेऊन पाहा. परीघ १३.३ अँगस्ट्रॉम, तरंगलांबी ६.६५, म्हणजे बरोबर दोन तरंग. आलेखाच्या कागदाची १३.३ सेंटिमीटर पट्टी कापून तिच्यावर मधल्या रेषेपासून वर चढणारे दोन पूर्ण तरंग काढा आणि टोकं जोडा. सांधा कुठे आहे ते कळणारही नाही. आता तेवढ्याच पट्टीवर अडीच तरंग काढा. दोन्ही टोकं मधल्या रेषेवरच भेटतात, म्हणून जुळल्यासारखं वाटतं. पण उतरती रेघ चढतीला लागते आणि तिथे टोक येतं. दुसऱ्या फेरीत शिखरावर दरी बसते आणि तरंग पुसला जातो.

नेहमीची चूक म्हणजे सगळ्या कक्षांना एकच तरंगलांबी धरणं. तसं केलं तर दुसरी त्रिज्या पहिल्याच्या दुप्पट येते, खरी ती चौपट आहे. दुसऱ्या कक्षेत वेग निम्मा होतो, त्यामुळे तरंगलांबी ३.३२ वरून ६.६५ होते. हा वेग तरंगाच्या अटीतून एकटा निघत नाही. त्यासाठी विद्युत आकर्षण आणि अभिकेंद्री बल यांचं समीकरण सोबत लागतं.

‘स्थिर तरंग’ हा शब्दही जपून वापरावा लागतो. काटेकोर अर्थाने स्थिर तरंग म्हणजे उलट दिशांनी फिरणाऱ्या दोन सारख्या तरंगांची बेरीज, आणि तिचा सरासरी कोनीय संवेग शून्य असतो. `nh/2π` हवा असेल तर तरंग एकाच दिशेने फिरला पाहिजे. जुळण्याची अट दोघांना सारखीच असल्यामुळे पुस्तकांत हा फरक झाकला जातो.

१९२६ मध्ये श्रोडिंगर यांच्या समीकरणाने तरंग वर्तुळावरून काढून तिन्ही मितींत पसरवला. ऊर्जा तीच राहिली, पण सर्वांत खालच्या पातळीचा कोनीय संवेग `h/2π` नसून शून्य निघाला. पूर्ण तरंगांची अट तिथेही उरली आहे, पण अक्षाभोवतीच्या घटकापुरती. आणि तिथे `n` शून्य किंवा ऋणही चालतो.