नियुक्तीची बातमी आणि नव्या माणसाचं स्वागत

शेतकरी उत्पादक कंपनीत कोणी नवीन रुजू झालं की फेसबुकच्या पानावर ठरलेलं चित्र येतं. वर अध्यक्ष आणि संचालकांचे मोठे गोल फोटो, मधे जाड अक्षरांत ‘हार्दिक हार्दिक स्वागत’, आणि ज्याचं स्वागत आहे त्याचा पासपोर्ट फोटो खाली कोपऱ्यात. चौकातला फ्लेक्सच तो, फक्त मोबाईलवर आलेला. यातून नियुक्तीची बातमी कळते. स्वागत मात्र झालेलं नसतं.

बातमी सगळ्यांना लिहिता येते. नाव, पद, रुजू होण्याची तारीख, आधी कोण होतं. बँकेला, व्यापाऱ्याला, कृषी विभागाला तेवढं पुरतं. दोन ओळींत संपवा.

घोळ होतो तो पुढे. बातमी कोरडी वाटते म्हणून तिला विशेषणं चोपडली जातात: मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, अनुभवी, हसतमुख. विशेषणांनी ऊब येत नाही, कारण मागच्या महिन्यात आलेल्या लेखापालालाही तीच लागली होती. ऊब येते ती हा माणूस उद्यापासून कुठे बसणार, काय करणार, कास्तकारानं त्याला काय विचारायचं, हे नेमकं सांगितल्यानं.

समजा, सोयाबीनच्या खरेदी केंद्रावर ओलावा तपासायला एक ताई आल्या. नेहमीचा मजकूर असा असतो: ‘गुणवत्ता तपासणीस या पदावर ताईंची नियुक्ती झाली असून त्यांच्या अनुभवाचा कंपनीस निश्चितच लाभ होईल.’ यातलं ‘निश्चितच’ कोणालाच पटत नाही.

स्वागत असं लिहिता येतं: ‘ताई, या! सोमवारपासून काट्याच्या बाजूच्या टेबलावर सकाळी १० ते ५ या ताई बसतील. पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून नमुना घेऊन ओलावा मोजतील आणि मीटरवरचा आकडा तुम्हाला दाखवूनच पावतीवर लिहितील. हमीभावाच्या खरेदीत ओलावा साधारण १२ टक्क्यांपर्यंत चालतो. माल ओला निघाला तर किती ऊन द्यायचं, ते यांनाच विचारा. आधीची तीन वर्षं त्या एका दालमिलमध्ये हेच काम करत होत्या. गर्दीच्या दिवशी टोकन आधी दाखवा, ही त्यांची एकच विनंती.’

इथे एकही कौतुकाचा शब्द नाही. तरी वाचणाऱ्याला ताई कळल्या, आणि ताईंनाही कळलं की आपलं काम इथे कोणीतरी नीट समजून घेतलं. शेवटची विनंती त्यांनी स्वतः सांगितलेली असावी. लिहिणाऱ्यानं मनानं जोडलेली ओळ तोंडदेखली वाटते. त्यासाठी दहा मिनिटं बसून विचारायचं: आधी नेमकं काय करत होता, इथे पहिल्या महिन्यात काय हाती घेणार, लोकांनी कशासाठी तुमच्याकडे यावं, कोणती गोष्ट केली की तुमचं काम सोपं होईल?

नेमकं म्हणजे खासगी नव्हे. हा दुसरा घोळ, आणि आपल्याकडे जास्त. गाव कोणतं, कोणाची सून, यजमान काय करतात, हे लिहिलं की ओळख झाली असं समजतात. मग कमेंटमध्ये नातीगोती आणि आडनावावरून जातही निघते, आणि ओलावा राहतो बाजूला. बाईचं स्वागत तिच्या कामावरून करा. जन्मतारीख, घरचा पत्ता, स्वतःचा मोबाईल नंबर टाकूच नका, कार्यालयाचा नंबर द्या. टाकण्याआधी मजकूर आणि फोटो त्यांना दाखवा, टॅग करायचं का तेही विचारा.

फोटो कामाच्या जागेचा: मीटर, नमुन्याची वाटी, चेहरा उजेडात. पुष्पगुच्छ देतानाचा नको, त्यात देणाराच जास्त दिसतो. मजकूर चित्रात कोंबू नका. स्वस्त फोनवर तो वाचता येत नाही, आणि कोणी शोधला तर सापडतही नाही. फेसबुक लांब मजकूर काही ओळींनंतर दुमडून टाकतं. म्हणून वरच्या दोन ओळींत नाव आणि काम येऊ द्या, अध्यक्षांची नावं नकोत.

रुजू झाल्याच्या दिवशीच टाकायची घाई करू नका. तीन-चार दिवसांत टेबल, वेळ, काम सगळं ठरतं, मगच लिहायला काही असतं. टाकल्यावर कमेंट बघा. नुसते ‘अभिनंदन’ आणि हात जोडलेले असतील, तर लोकांनी बातमी वाचली. कोणी ‘ताई, १४ आला तर माल परत न्यावा लागंन का?’ असं विचारलं, तर स्वागत पोचलं. त्याचं उत्तर पान चालवणाऱ्यानं देऊ नये, ताईंना विचारून त्यांच्याच शब्दांत त्याच दिवशी टाकावं.