एनिमा आणि ग्लिसरीनची बत्ती: घरी कधी चालते, कधी थांबायचे
(आमच्या मेडिकलच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

"दोन दिन व्हयनात, पोट साफ नही. एनिमानी बाटली द्या." काउंटरवर हे वाक्य रोज ऐकू येते, आणि उन्हाळ्यात तर जास्तच. बाटली देणे आमच्यासाठी सोपे आहे. पण त्याच घरातला माणूस तिसऱ्या दिवशी परत येतो, मग पुढच्या आठवड्यात एकदम दोन बाटल्या मागतो, तेव्हा काहीतरी बिघडत चालले आहे हे आम्हाला कळते. हे पत्रक त्यासाठी आहे.

आधी एक गोष्ट. रोज सकाळी शौचाला झालेच पाहिजे असा शरीराचा नियम नाही. दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, यातले काहीही नॉर्मल असू शकते. मळ मऊ आहे, जोर लावावा लागत नाही, पोट फुगत नाही, तर एक दिवस आड जाणाऱ्या माणसाला बद्धकोष्ठ नाही.

बत्ती आणि बाटली यांत फरक काय

ग्लिसरीनची सपोझिटरी, म्हणजे आपण जिला बत्ती म्हणतो ती, फक्त गुदाशयात काम करते. ती पाणी ओढून घेते, तिथला मळ ओला आणि निसरडा करते आणि आतल्या भिंतीला थोडे चाळवते. त्यामुळे साधारण पंधरा मिनिटे ते तासाभरात कळ येते. मळ खाली येऊन दाराशीच अडला असेल तर ती उत्तम. मळ वरच अडकलेला असेल तर बत्तीने काही होणार नाही, आणि एकामागून एक ठेवूनही होणार नाही.

वेष्टन पूर्ण काढा. हे लिहावे लागते, कारण कागदासकट ठेवणारेही असतात. बत्ती साध्या पाण्यात बुडवून ओली करा. तेल किंवा व्हॅसलीन लावले तर ग्लिसरीनला पाणी ओढता येत नाही. डाव्या कुशीवर झोपून उजवा गुडघा पोटाकडे घ्यायचा आणि बत्ती बोटाच्या पहिल्या पेराहून थोडी पुढे, आतल्या भिंतीला लागेल अशी सरकवायची. मळाच्या गोळ्यात रुतली तर ती वाया जाते. मग कळ आली तरी पंधरा-वीस मिनिटे धरून ठेवायचा प्रयत्न करा. लगेच उठलात तर बत्तीच बाहेर पडते.

एनिमाची जी तयार बाटली मिळते ती साधारण 100 मिलीची असते, आणि त्यात साधे पाणी नसून सोडियम फॉस्फेटचे क्षार असतात. हे क्षार आतड्यात वेगाने पाणी खेचतात, म्हणून पाच-दहा मिनिटांत जोरात होते. लोकांना बाटली आवडते ती याच वेगामुळे, आणि धोकाही तिथेच आहे. द्रव आत अडकून राहिला तर फॉस्फेट रक्तात जाते, रक्तातले कॅल्शियम खाली येते आणि शरीरातले पाणी कमी होते. तरुण, धडधाकट माणसाच्या किडन्या हे निभावून नेतात. सत्तरीतल्या आजीच्या किडन्या नेतीलच असे नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2014 साली याबद्दल जाहीर इशारा दिला होता: 24 तासांत एकापेक्षा जास्त मात्रा घेतल्याने किडनी आणि हृदयावर गंभीर परिणाम झाले, काही जण दगावलेही.

म्हणून एक बाटली दिली आणि अर्ध्या तासात काहीच बाहेर आले नाही, तर दुसरी द्यायची नाही. डॉक्टरांना फोन करायचा. हातापायांना मुंग्या, गोळे येणे, गुंगी, छातीत धडधड असे काही दिसले तर फोनची वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

किडनीचा किंवा हृदयाचा आजार असेल, बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारा भाग असेल, रोज दुखण्याच्या गोळ्या चालू असतील किंवा वय पंचावन्नच्या पुढे असेल, तर ही बाटली डॉक्टरांना विचारूनच वापरा. मे महिन्यात शेतातून आलेल्या, घामाने आटलेल्या माणसाला ती देऊ नये. आपल्याकडे पारा 45 च्या आसपास असताना शरीरात पाणी आधीच कमी असते. तेव्हा आधी पाणी, ताक, लिंबू-मीठ-साखरेचे सरबत द्या, आणि एक दिवस थांबा.

घरी देताना बाटलीची नळी बळाने घालू नका. अडथळा लागला, दुखले किंवा रक्त दिसले तर तिथेच थांबा. म्हाताऱ्या माणसाला एकट्याने संडासात पाठवू नका, दार लोटून ठेवा आणि बाहेर कोणीतरी उभे राहा. जोर लावताना बीपी एकदम पडून चक्कर येते, आणि ओल्या फरशीवर पडून मांडीचे हाड मोडणे हे बद्धकोष्ठापेक्षा फार मोठे दुखणे आहे.

सवय लागते कशी

नेहमी दिसणाऱ्या प्रकाराचे उदाहरण घेऊ. घरातले आबा, वय सत्तरीच्या पुढे, खुब्याच्या ऑपरेशननंतर खाटेवर. दुखण्यासाठी ट्रामाडॉल, हाडांसाठी कॅल्शियम, रक्तवाढीसाठी लोह. तिन्ही गोळ्या आतडी मंद करतात किंवा मळ कडक करतात. चौथ्या दिवशीही होत नाही, पोट टम्म. मुलगा बाटली नेतो, आबांना भडाभडा होते, घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो.

आता पुढचे नीट बघा. एनिमाने फक्त तिथला मळ गेला असे नाही, आतड्याचा खालचा बराचसा भाग रिकामा झाला. खाल्लेले अन्न तिथपर्यंत यायला एक ते तीन दिवस लागतात. त्यात आबा जेवतात अर्धी भाकरी. म्हणजे दुसऱ्या दिवशी त्यांना काही होणार नाही, तिसऱ्या दिवशीही कदाचित नाही. हे बद्धकोष्ठ नव्हे, टाकी भरायची बाकी आहे इतकेच. पण घरात बोलणे सुरू होते, "दोन दिवस झाले, परत अडलं." पुन्हा बाटली. पुन्हा रिकामे. दोन-तीन आठवड्यांत आबांना वाटू लागते की बाटलीशिवाय आपल्याला होतच नाही, आणि बाटली आतडे रिकामे करत राहिल्यामुळे आपोआप व्हायची संधीच मिळत नाही. वर भर म्हणजे नैसर्गिक कळेकडे लक्ष देणे सुटते. गुदाशय भरल्याची जाणीव दिवसेंदिवस मंदावते, आणि कळ येऊनही दाबून ठेवणाऱ्यांचे असेच होते.

यातून बाहेर पडायला जादूची गोळी नाही, पण रस्ता आहे. आधी औषधांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा. दुखणे उतरले असेल तर ट्रामाडॉल कमी करता येते का, लोहाचा प्रकार बदलता येतो का, हे त्यांनीच ठरवायचे. गोळ्या मनाने बंद करू नका. मळ वरूनच मऊ करायला लॅक्टुलोजसारखे पातळ औषध लिहून मिळते. त्याला परिणाम दाखवायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून पहिल्याच सकाळी "याने काही झालं नाही" म्हणून बाटलीकडे वळू नका. लोक नेमके तिथेच घसरतात.

मग वेळ बांधा. सकाळच्या चहानंतर किंवा न्याहारीनंतर अर्ध्या तासात बसवा, कारण पोटात काही गेले की आतडे आपोआप हलते. दहा मिनिटे बसायचे, कुंथायचे नाही. खुब्याच्या किंवा गुडघ्याच्या ऑपरेशननंतर घरात कमोड आलेला असतो, त्यावर पाय लोंबकळतात आणि जोर नीट बसत नाही. पायाखाली छोटे स्टूल द्या. मात्र खुब्याचे ऑपरेशन ताजे असेल तर गुडघे किती वर घ्यायचे हे सर्जनला विचारा, नाहीतर सांधा निसटायची भीती असते.

बत्ती हाताशी ठेवा, पण तिसरा दिवस उलटून पोट जड झाले तरच वापरा, आणि त्या दिवशी वहीत लिहा. महिनाभराने वही बघितली की बत्त्यांमधले अंतर वाढते आहे की कमी होते आहे ते कळते. आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागत असेल, तर उपचार कुठेतरी चुकतो आहे. वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

खाण्यात आपल्याकडे काही कमी नाही. कळण्याची भाकरी, पालेभाजी, पपई, पिकलेले केळे चालते. फक्त रोज शेवभाजी आणि मैद्याची खारी खाऊन आतड्याकडून अपेक्षा ठेवू नका. इसबगोल घेत असाल तर एका चमच्याला मोठा ग्लास पाणी, आणि अंथरुणाला खिळलेल्या, पाणी कमी पिणाऱ्या माणसाला तो देऊ नका. कोरडा इसबगोल आत फुगून स्वतःच अडतो.

एक फसवा प्रकार

खाटेवरच्या म्हाताऱ्या माणसाला दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे पातळ होते, कपडे खराब होतात, आणि घरचे जुलाब बंद करायची गोळी घ्यायला येतात. पुष्कळदा आत मळाचा कडक गोळा असतो आणि त्याच्या बाजूने पाणी पाझरत असते. तिथे जुलाब थांबवणारी गोळी दिली तर गोळा आणखी घट्ट होतो. आधी किती दिवस नीट झाले नव्हते ते आठवा आणि डॉक्टरांकडून बोट घालून तपासून घ्या. असा गोळा घरी एनिमावर एनिमा देऊन फोडायचा नसतो.

लहान बाळांसाठी विड्याच्या पानाचा देठ किंवा साबणाची कांडी घालायची रीत अजून गावोगावी आहे. साबणाने आतली नाजूक त्वचा भाजते, म्हणून मोठ्यांनाही साबणाच्या पाण्याचा एनिमा देऊ नका. फक्त अंगावर पिणारे बाळ महिना-दीड महिन्याचे झाल्यावर काही दिवस शी करत नाही, आणि मग मऊ करते, हे चालते. फॉस्फेटची बाटली लहान मुलांना डॉक्टरांशिवाय कधीच नाही, दोन वर्षांखाली तर मुळीच नाही.

पोट फुगून कडक झाले, उलट्या होत आहेत, वायूही सरत नाही; पोटात एका जागी जोराचे दुखते; ताप आहे; शौचात रक्त किंवा काळा मळ दिसतो; वजन उतरते आहे; किंवा पन्नाशीनंतर अचानक सवय बदलली आहे, अशा वेळी बत्तीही नको आणि बाटलीही नको. आतडे कुठे अडलेले असेल तर असे जबरदस्तीने हलवल्याने फुटायची भीती असते.

शेवटी साठवणुकीचे. उन्हाळ्यात बत्त्या नेल्यावर स्कूटरच्या डिक्कीत ठेवून बाजारहाट करू नका, घरी पोचेपर्यंत मऊ पडतात. वेष्टनासकट दहा मिनिटे फ्रिजमध्ये किंवा माठाच्या गार पाण्यात ठेवल्यावर आकार धरला तर वापरायला हरकत नाही. फ्रीजरमध्ये मात्र नको. आणि एकाच घरासाठी एकाच दिवशी दोन बाटल्या मागितल्या तर आम्ही कोणासाठी, वय किती, कोणत्या गोळ्या चालू आहेत असे विचारू. राग मानू नका, गोळ्यांची पाकिटे सोबत आणलीत तर काम लवकर होते.