फटाक्यांनी दुकानाचं छत जळालं: भरपाई कोणाकडून, कोणत्या कागदांवर मिळते?

तुळशीचं लग्न लागलं की वराती सुरू होतात आणि पंधरा दिवसांत आमच्या तालुका विधी सेवा समितीच्या टेबलावर अशी एक तरी तक्रार येते. मी तिथे विधी स्वयंसेवक म्हणून बसतो. रॉकेट, आकाशात फुटणाऱ्या शॉटचा खोका किंवा माळेची उडालेली वात शेजारच्या दुकानापुढच्या कापडी छतावर पडते आणि मिनिटभरात कापड वितळतं. नुकसान पंधरा-वीस हजारांचं असतं. वकील लावून भांडायला ते फार थोडं आणि सोडून द्यायला फार जास्त. बहुतेक जणांचे पैसे बुडतात ते पहिल्या दोन दिवसांतल्या चुकांमुळे, म्हणून त्यांच्याबद्दल इथे सविस्तर लिहितो.

आधी पैसे कोणी द्यायचे ते पाहू. ज्याच्या हातून फटाका निष्काळजीपणे उडाला तो जबाबदार, यात वाद नाही. वाद पुढे होतो, कारण कार्यक्रम करणारे म्हणतात, "आम्ही शोभेच्या दारूवाल्याला ठेका दिला होता, त्याला विचारा." आणि तो माणूस रात्रीच दुसऱ्या गावी गेलेला असतो. एरवी स्वतंत्र ठेकेदाराच्या चुकीला काम देणारा सहसा जबाबदार नसतो, पण स्फोटक वस्तूंच्या बाबतीत हा बचाव टिकत नाही. केरळ उच्च न्यायालयाचा ए.आय.आर. 1968 केरळ 151 हा निकाल नेमका याच मुद्द्यावर आहे. उत्सवात वर जाऊन फुटायचा गोळा तिरका जाऊन गर्दीत फुटला आणि एक जण गंभीर जखमी झाला. इतक्या धोकादायक वस्तूचा वापर करवणारा ठेकेदाराकडे बोट दाखवून सुटू शकत नाही, असं न्यायालयाने ठरवलं. दुसऱ्या राज्यातला निकाल इथल्या न्यायालयावर बंधनकारक नसतो, तरी त्यातला विचार मांडता येतो. त्यामुळे अर्जात कार्यक्रम करणारे आणि ठेकेदार या दोघांचीही नावं घाला. त्यांनी आपसात कसं वाटून घ्यायचं ते त्यांचं ते बघतील.

फटाका लहान मुलाने उडवला असेल तर आई-वडील केवळ पालक आहेत म्हणून जबाबदार ठरत नाहीत. मुलाच्या हातात काय दिलं आणि जवळ कोण उभं होतं, हे दाखवावं लागतं. नुसतं 'त्यांच्या मुलाने केलं' एवढंच लिहिलेले अर्ज इथेच अडतात.

मागणी कोण करू शकतो? छत ज्याने लावलं तो. गाळा भाड्याचा असला तरी छत तुमच्या पैशाचं असेल तर हक्क तुमचा, मालकाचा नाही. मात्र भाडेकरार सोबत जोडा, नाहीतर समोरचा पहिल्याच तारखेला हा प्रश्न काढतो. छत पदपथावर पुढे आलं होतं आणि नगरपालिकेची परवानगी नव्हती, असंही तो म्हणेल. तो तुमचा आणि नगरपालिकेचा प्रश्न आहे. विनापरवाना छत जाळायची मुभा त्याने कोणाला मिळत नाही.

आता पोलीस ठाणं. सर्वांत जास्त माणसं इथूनच हात हलवत परत येतात. तुम्ही सांगता, "माझ्या छताचं नुकसान केलं." ठाण्यातला माणूस भारतीय न्याय संहितेच्या कलम 324 खाली, म्हणजे आगळीक म्हणून, अदखलपात्र नोंद करतो, एनसीची प्रत हातात देतो आणि सांगतो, "कोर्टात जा." नुकसान लाखाच्या आत असलं की असंच होतं. अदखलपात्र नोंदीत दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. म्हणून जागेचा पंचनामाही होत नाही आणि नंतर सगळे पंचनामा मागतात.

खरं तर आगळीकीला नुकसान करण्याचा हेतू किंवा ते होईल याची जाणीव लागते. निष्काळजीपणासाठी वेगळी कलमं आहेत: आगीबाबत 287 आणि स्फोटक पदार्थाबाबत 288. दोन्ही दखलपात्र आहेत. पण ती लागायला माणसांना धोका झाला किंवा इजा होण्याचा संभव होता, हे तक्रारीत दिसावं लागतं. छत जळालं एवढंच लिहिलं तर ते दिसत नाही. छताखाली त्या वेळी कोण उभं होतं, शटर उघडं होतं का, वर राहणारं कुटुंब घरात होतं का, शॉटचा खोका भिंतीपासून किती फुटांवर ठेवला होता, किती वाजले होते, हे सगळं लिहा. रात्री दहा ते सकाळी सहा आवाजी फटाक्यांना सर्वोच्च न्यायालयाची 2005 पासून मनाई आहे. वेळ दहानंतरची असेल तर निष्काळजीपणा दाखवायला तो आधार होतो. ठाण्यात तक्रार घेतलीच नाही तर तीच लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) मध्ये तशी सोय आहे.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. गुन्हा नोंदला म्हणजे पैसे मिळाले असं होत नाही. दंड सरकारजमा होतो. दंडातून किंवा वेगळी भरपाई द्यायचा अधिकार न्यायालयाला आहे, पण तो दोष सिद्ध झाल्यावर. पोलीस कारवाईची वाट बघत भरपाईचा अर्ज थांबवू नका.

कोणाकडेच नसणारा कागद म्हणजे अग्निशमन दलाचा अहवाल. दलाला वर्दी दिली असेल तरच तो मिळतो. छताची आग शेजारीपाजारी दोन बादल्या पाण्यात विझवतात, मग वर्दी कशी असेल? तरीही विमा कंपनी तो मागते आणि माणूस अग्निशमन केंद्रात खेटे घालतो. तिथले लोक न गेलेल्या ठिकाणचा अहवाल देऊ शकत नाहीत, त्यांच्यावर रागावून उपयोग नाही. त्याऐवजी त्याच रात्री किंवा सकाळी दुकान उघडण्याआधी छताचे, सांगाड्याचे, पाटीचे, रस्त्यावर पडलेल्या खोक्याचे फोटो काढा. जे दिसतं ते एका कागदावर उतरवून दोन शेजाऱ्यांच्या सह्या, तारीख आणि वेळ घ्या. हा सरकारी पंचनामा नव्हे, पण साक्षीदार म्हणून ती माणसं उभी राहतात. जळकं कापड भंगारात देऊ नका. समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यातलं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, ते त्याच दिवशी मागून घ्या. ते पुरावा म्हणून न्यायालयात द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, हे कॅमेऱ्याच्या मालकाला आधीच सांगून ठेवा.

दुसरा न सापडणारा कागद म्हणजे छताचं बिल. ताडपत्रीवाल्याने कच्च्या चिठ्ठीवर हिशोब दिलेला असतो. तेव्हा पैसे ऑनलाइन दिले असतील तर बँकेचा उतारा काढा. तेही नसेल तर त्याच कारागिराकडून आकार, कापडाचा प्रकार आणि आजच्या दराचं अंदाजपत्रक त्याच्या सहीने घ्या.

दुकानाचा विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि पाहणी होईपर्यंत काही हलवू नका. पॉलिसीत बाहेरचं छत आणि पाटी विम्याच्या रकमेत धरली आहे का ते पाहा. बऱ्याचदा फक्त माल आणि फर्निचर धरलेलं असतं. याच टप्प्यावर एक सापळा आहे. समोरचा पाच हजार देतो आणि 'माझी काही तक्रार नाही' असं स्टॅम्पपेपरवर लिहून घेतो. विमा कंपनी तुम्हाला पैसे दिल्यावर ते दोषी माणसाकडून वसूल करायचा हक्क तुमच्याकडून घेते. तो हक्क तुम्ही आधीच सोडून दिला असेल तर कंपनी दावा नाकारायला मोकळी होते. विम्याचा निकाल लागेपर्यंत अशा कागदावर सही करू नका. विमा नसला तरी ठरलेली पूर्ण रक्कम हातात पडल्याशिवाय करू नका.

मुदतीबद्दलही घोळ असतो. दिवाणी दाव्याला घटनेपासून तीन वर्षं मिळतात. पोलिसांत तक्रार पडून आहे म्हणून ती मुदत थांबत नाही. विमा कंपनीला कळवायचं मात्र ताबडतोब असतं. ही तीन वर्षं विम्यालाही लागू आहेत असं समजून लोक दोन महिन्यांनी कंपनीत जातात. ग्राहक आयोगात शेजाऱ्याविरुद्ध अर्ज करू नका, तुम्ही त्याचे ग्राहक नाही.

इतक्या रकमेसाठी मी लोकांना लोकअदालतीत पाठवतो. दावा दाखल होण्याआधीचं प्रकरण तालुका किंवा जिल्हा विधी सेवेच्या कार्यालयात साध्या अर्जावर घेता येतं, न्यायालयीन शुल्क लागत नाही. अर्जात दोन्ही बाजूंचे पत्ते, घटनेचा मजकूर, रकमेचा तपशील आणि वरचे कागद द्यावेत. तडजोड झाली की निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील नाही. एक मर्यादा आहे, समोरचा आलाच नाही किंवा तयार झाला नाही तर काही होत नाही. मग दिवाणी न्यायालय. महिला अर्जदाराला त्यासाठी उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

गेल्या हंगामातलं एक प्रकरण सांगतो. बाजारपेठेतलं साड्यांचं दुकान, रात्री दहा वीसची वरात. शॉटचा खोका उतारावर ठेवला होता. तिसऱ्या शॉटनंतर तो कलंडला आणि पुढचा शॉट थेट छतात घुसला. मालकीणबाईंनी 31,700 रुपये मागितले: छताचं कापड 18,400, पाटी 4,800, शटरचा रंग 3,500 आणि तीन दिवसांच्या बुडालेल्या धंद्याचे 5,000. विमा नव्हता. बाईंनी जळकं कापड दुसऱ्याच दिवशी भंगारात दिलं होतं. शेजारच्या औषध दुकानाचं चित्रण होतं म्हणून निभावलं.

कापड तीन वर्षं जुनं होतं आणि कारागिराच्या म्हणण्याप्रमाणे असं कापड सहा वर्षं टिकतं. जुन्याच्या बदली नव्याची पूर्ण किंमत मिळत नाही, हे लोकांना पटवताना मला सर्वांत जास्त वेळ लागतो. कापडाचे निम्मे, 9,200 धरले. पाटी दिवाळीत नवी लावली होती, बिल होतं, ती पूर्ण धरली. रंगही पूर्ण. धंद्याचे पाच हजार गळले, कारण रोजच्या विक्रीची वही नव्हती. तीन दिवस दुकान बंद होतं हे सगळ्यांनी मान्य केलं, तरी आकडा कशावरून हे सांगता येईना. नवरदेवाच्या वडिलांनी 17,500 कबूल केले, 10,000 तिथेच दिले आणि उरलेले 7,500 महिन्याच्या आत द्यायचं निवाड्यात लिहून घेतलं. दुसरा हप्ता अठराव्या दिवशी जमा झाला आणि त्यानंतरच बाईंनी 'पूर्ण रक्कम मिळाली' या पावतीवर सही केली.