भेदरलेला तुटक संदेश

भीती सूचित करणारा, वाक्यरचना मोडलेला आणि पाठवणाऱ्याच्या नेहमीच्या लिहिण्याशी न जुळणारा भ्रमणध्वनीवरील लघुसंदेश. अशा संदेशाची कारणे मुख्यतः तीन संभवतात : टंकनातील चूक, बाहेरचा धोका आणि मेंदूचा अचानक उद्भवलेला विकार. पहिल्या कारणात काही करावे लागत नाही. उरलेल्या दोहोंत मात्र करावयाची कृती परस्परविरुद्ध असते, कारण घरात कोणी परका असेल तर फोनची घंटा घातक ठरू शकते, तर पक्षाघातात रुग्णाचा आवाज ऐकणे हीच सर्वांत उपयुक्त तपासणी होय.

पक्षाघातामुळे बिघडलेल्या संदेशांची वर्णने वैद्यकीय नियतकालिकांत साधारणपणे 2010 नंतरच्या दशकात येऊ लागली. हा वेगळा विकार मानावा की वाचाघाताचेच, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे भाषा बिघडण्याचेच, टंकलिखित रूप, याविषयी मतभेद आहेत. लेखनासाठी मेंदूच्या डाव्या ललाटखंडात स्वतंत्र केंद्र असावे, असे अनुमान ऑस्ट्रियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ सिग्मुंड एक्स्नर यांनी 1881 मध्ये मांडले होते. त्याचा आधार घेऊन काही अभ्यासक बोलणे शाबूत राहून केवळ लेखन बिघडू शकते, असे सांगतात. मात्र निव्वळ लेखन बिघडल्याची उदाहरणे विरळ असून बहुतेक रुग्णांत बारकाईने पाहिल्यास बोलण्यातही दोष सापडतो. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. येथे एक तांत्रिक अडचण आहे. फोनमधील आपोआप दुरुस्तीची सोय अर्थहीन अक्षरसमूहाच्या जागी कोशातील खरा शब्द बसवते, त्यामुळे शब्द शुद्ध आणि वाक्य निरर्थक असा संदेश तयार होतो व तो यंत्राचा दोष म्हणून सोडून दिला जातो.

तो संदेश मोठ्याने वाचणे ही साधी कसोटी होय. बोलून टंकलेल्या मजकुरात चुकलेले शब्द मूळ शब्दांसारखेच ऐकू येतात, म्हणून वाचताच अर्थ लागतो. बोट घसरल्यास शेजारच्या कळीचे अक्षर उमटते आणि पाठवणारा बहुधा लगेच दुरुस्ती पाठवतो. अर्थही लागत नाही आणि दुरुस्तीही येत नाही, असे झाल्यास विचारपूस आवश्यक ठरते.

उदाहरणादाखल एक कल्पित प्रसंग घेता येईल. कोल्हापुरात शाहूपुरीत एकट्या राहणाऱ्या मामीकडून राजारामपुरीतील भाचीला रात्री 11 वाजता ‘ये लवकर तो पाणी हात हात नको दार’ असा संदेश येतो. ‘तो’ आणि ‘नको दार’ या शब्दांमुळे दारात कोणी उभे असल्याची शंका येते, तर ‘हात हात’ या पुनरुक्तीमुळे आजाराची. अशा वेळी पहिली विचारपूस दोन्ही शक्यतांत चालणारी हवी : ‘मामी, जागी हायस का? फोन करू? चालत असंल तर नुसतं ह लिही.’ फोन दुसऱ्याच्या हाती असला तरी या ओळींतून संशय व्यक्त होत नाही आणि उत्तराला एक अक्षर पुरते. ‘हहत’ असे उत्तर येताच भाची फोन लावते. आवाज जड असतो, शब्द ओढले जातात. येथे धोक्याची शंका मागे पडते. भाची 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावते आणि ज्यांच्याकडे दुसरी किल्ली आहे त्या शेजारच्या काकूंना आत पाठवते. काकूंना तोंड एका बाजूला ओढलेले आणि उजवा हात लुळा दिसतो. मामी शेवटची नीट बोलली ती वेळ, येथे रात्री 10, लिहून ठेवली जाते, कारण रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध सर्वसाधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते आणि त्यापूर्वी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नसल्याची खात्री करावी लागते. सुरू झाल्याची वेळ सांगता येत नसेल तर ही शेवटची नीट असल्याची वेळच धरली जाते. पाणीही पाजू नये, गिळण्याची क्रिया बिघडलेली असू शकते. मधुमेही व्यक्तीत रक्तातील साखर एकदम उतरल्यानेही असेच चित्र दिसते, म्हणून साखर तपासणे हे रुग्णवाहिकेतील पहिल्या कामांपैकी एक असते.

विचारपुशीला उत्तरच न आल्यास काही मिनिटांत फोन करावा की नाही, हे संदेशातील शब्दांवरून ठरवावे लागते. परक्या माणसाचा उल्लेख असेल तर फोन न करता 112 वर पत्ता व संदेशाचे शब्द जसेच्या तसे कळवणे अधिक योग्य; शेजाऱ्यांनीही एकट्याने दार ठोठावू नये. तसा उल्लेख नसेल तर फोन व शेजारी हाच क्रम राहतो.

‘काही नाही, झोपेत लिहिलं’ हे उत्तर दोन कारणांनी अपुरे असते. ते दुसऱ्याने लिहिलेले किंवा लिहवून घेतलेले असू शकते, यासाठी घरच्यांनाच ठाऊक असलेली एखादी क्षुल्लक गोष्ट विचारली जाते. दुसरे असे की मेंदूचा रक्तपुरवठा तात्पुरता खंडित होऊन लक्षणे काही मिनिटांत ओसरू शकतात. अशा झटक्यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत खऱ्या पक्षाघाताचा धोका सर्वाधिक असल्याने, आवाज पूर्ववत झाला तरी त्याच रात्री रुग्णालयात दाखवणे इष्ट मानले जाते.